चिवट

कॅन्सर हा शब्द मी न अडखळता सांगितला. त्याची तयारी आदल्या रात्रीच करून ठेवली होती. ‘हाडांच्या मगजातला कॅन्सर आहे, त्याला मल्टिपल मायलोमा म्हणतात’, हे अख्खं वाक्य, मधे कुठेही न थांबता. आबांनी मान हलवली. मांडीवर टोपी होती, तिची घडी त्यांनी अंगठ्यानं सरळ केली.

डॉक्टरबाई सावकाश बोलत होत्या. दुभाषी बरोबर असला की तीन-चार वाक्यांनी थांबावं लागतं, हे त्यांना माहीत होतं. पाठीचा एक मणका दबलाय, रक्त कमी झालंय, मूत्रपिंडांवर ताण आहे, आणि हे सगळं एकाच दुखण्यातून आलेलं आहे. त्या बोलत होत्या, मी वहीत खुणा करत होते. मणक्यासाठी आडवी रेघ, रक्तासाठी थेंब. मग वहीतून मान वर करून मराठीत सांगत होते.

घरच्या माणसासाठी दुभाष्यानं बसू नये, असा आमच्या कामाचा दंडक आहे आणि तो योग्यच आहे. जर्मनीतल्या लाइपझिगमध्ये मराठीचा दुसरा दुभाषी मिळेना. हिंदीची एक बाई फोनवरून यायला तयार होती. आबा म्हणाले, “माझं दुखणं मी हिंदीत ऐकू व्हय?” डॉक्टरबाईंनी नाइलाजानं होकार दिला.

दुसरा दंडक ‘मी’चा. डॉक्टर ‘मी’ म्हणाल्या तर दुभाष्यानंही ‘मी’च म्हणायचं. ‘डॉक्टर असं म्हणतात’ हे मधे घालायचं नाही. आमच्या कोल्हापुरात बायकाही ‘मी जातो, मी करतो’ म्हणतात. घरी मीही तसंच बोलते. शिवाजी विद्यापीठात जर्मन शिकायला लागले, बाहेर कामं करू लागले, तेव्हा ‘जाते, करते’ अंगवळणी पडलं. त्यामुळे त्या खोलीत आपोआपच एक वाटणी झाली होती. ‘मी सांगते’ म्हटलं की त्या डॉक्टरबाई, ‘मी सांगतो’ म्हटलं की मी, आबांची पोरगी. आबांच्या ते कधीच लक्षात आलं होतं. ‘सांगते’ ऐकलं की ते डॉक्टरबाईंकडे बघत, ‘सांगतो’ ऐकलं की माझ्याकडे.

मग डॉक्टरबाईंनी हात टेबलावर ठेवले आणि म्हणाल्या, “निश्ट हाइलबार, आबर बेहान्डेलबार.” आणि थांबल्या.

बरा होण्यासारखा नाही, पण उपचार करण्यासारखा. जर्मनमध्ये हे दोन शब्द शेजारी शेजारी बसतात, दोघांची शेपटी सारखीच. या दुखण्याबद्दल तिथले डॉक्टर असंच बोलतात, आणि मी ते याआधी दुसऱ्यांच्या वडिलांसाठी हिंदीत दोनदा सांगितलेलं होतं. तेव्हा काही वाटलं नव्हतं.

आता पहिल्याच शब्दाशी माझी पेन्सिल थांबली.

‘बरा होणार नाही’ हे आमच्या गावात, वडणग्यात, कधी म्हणतात, ते मला माहीत आहे. डॉक्टरनं हात टेकले, माणूस घरी आणला, सोप्यात खाट टाकली, मुंबईच्या लेकीला फोन गेला, की मग म्हणतात. त्यानंतर ‘पण’ नसतो. डॉक्टरबाईंच्या वाक्याचा सगळा जीव ‘पण’च्या पुढे होता. मी पहिला शब्द जसाच्या तसा सांगितला तर आबा तिथंच थांबतील, पुढचं त्यांच्या कानापर्यंत जाणार नाही, अशी मला भीती वाटली. आणि नाही सांगितला, तर दुभाषी म्हणून मी तिथं कशाला बसले होते?

“काय म्हनली?” आबांनी विचारलं. “दोनदा बार-बार काय म्हनली?”

“सांगतो की,” मी म्हणाले. आबांनी माझ्याकडे बघितलं.

“दुखणं जरा चिवट हाय, आबा.”

सांगितलं आणि लगेच कळलं, की शब्द चुकीच्या माणसापुढे टाकला. आबांनी चाळीस वर्षं गुळव्याचं काम केलं. काहिलीतला रस आटत आला की चिमूटभर पाक पाण्यात टाकायचा, बोटांत त्याची गोळी वळून बघायची, आणि त्या क्षणी काहील चुलवणावरून उतरवायची का नाही ते ठरवायचं. थोडं अलीकडे झालं तर गुळाचा रवा, म्हणजे ढेप, बसत नाही, थोडं पलीकडे गेलं तर गूळ करपतो. गुऱ्हाळावर पंधरा माणसं असली तरी त्या वेळी सगळे गुळव्याच्या बोटांकडे बघतात.

“चिवट?” ते म्हणाले. टोपी मांडीवरून टेबलावर गेली. “गूळ चिवट झाला तर रवा बसत न्हाई. परत चुलवणावर चढीवला तरी बसत न्हाई. तसं हाय का?”

मी गप्प राहिले. डॉक्टरबाईंनी माझ्याकडे पाहिलं. हे आपसातलं बोलणं त्यांना कळत नव्हतं, आणि ते सांगणं हेही माझं काम होतं. तेही मी केलं नव्हतं.

“पोरी, हे तू म्हनतीस का ती?”

“मी.”

“मग ती काय म्हनली त्ये सांग.”

मी खुर्ची थोडी मागे घेतली. डॉक्टरबाईंना म्हणाले, मी एक शब्द मऊ केला होता, आता दुरुस्त करते. त्यांनी फक्त मान हलवली. मग आबांकडे वळून मी सांगितलं, “हा आजार मी पूर्ण बरा करू शकत नाही. पण त्यावर औषधं आहेत, आणि त्यांनी तो ताब्यात ठेवता येतो. मी तुम्हाला सगळं समजावून सांगते.”

सांगते. आबा डॉक्टरबाईंकडे बघत होते. ते ‘पण’पाशी थांबले नाहीत, शेवटपर्यंत ऐकलं त्यांनी.

“किती हंगाम?” त्यांनी विचारलं.

मी विचारलं. जर्मनमध्ये हंगाम म्हणताना मला ‘ऊस गाळपाचा’ असं जोडावं लागलं. डॉक्टरबाई म्हणाल्या, आकडा सांगितला तर तो खोटा ठरेल, प्रत्येकाचं वेगळं असतं, पण आज या आजाराची पुष्कळ माणसं वर्षानुवर्षं जगतात. पहिल्या काही महिन्यांच्या औषधांनंतर जास्त कळेल. औषधं भारतातही मिळतात, कागदपत्रं त्या इंग्रजीत करून देतील.

“दिवाळीच्या आत जायचं हाय मला,” आबा म्हणाले. “गुऱ्हाळ लागतंय. तिला इचार, मी रवा उचलू का?”

“तीस किलोचा?”

“दहाचा. दहाचा इचार.”

मी जर्मनमध्ये विचारलं, “मी दहा किलोची गुळाची ढेप उचलली तर चालेल का?” त्या बोलण्यातला ‘मी’ आबा होते. आतापर्यंत तो माझ्या तोंडातून सहज येत होता. या वेळी माझा आवाज बसला आणि मला वाक्य पुन्हा म्हणावं लागलं.

“मणका भरेपर्यंत काहीच नाही,” डॉक्टरबाई म्हणाल्या. “पाण्याची बादलीसुद्धा नाही.”

हे मी लगेच सांगितलं.

“गोळी तरी बघू दे म्हनावं,” आबा म्हणाले. “त्येला काय वजन न्हाई.”

तेही विचारलं. गोळी म्हणजे काय हे सांगायला मला दोन मिनिटं लागली. अंगठा आणि तर्जनी एकमेकांवर घासून दाखवली. डॉक्टरबाईंनी तसंच करून बघितलं आणि म्हणाल्या, ते चालेल, आगीपासून जरा लांब उभं राहून.

बाहेर ट्रामच्या थांब्यावर आईचा फोन आला. तिकडे दुपार कलली असणार, मागे कुणीतरी टीव्ही लावला होता. “काय म्हनले डॉक्टर?” तिनं मलाच विचारलं, आणि मी तोंड उघडायच्या आत आबांनी हात पुढं केला. मी फोन दिला.

“बरं हाय,” ते म्हणाले. मग थोडं थांबून, “न्हाई, ऐक. बरं हाय म्हंजे सांगतो. आल्यावर न्हाई, आत्ताच सांगतो. पोरगी हितं हाय, चुकलं तर ती सांगंल. आधी टीव्ही बंद कर.”