गाडीचे बुकिंग रद्द केल्यानंतर आगाऊ रक्कम परत मिळण्याबाबत

दि. 24 नोव्हेंबर 2025

प्रति,
मा. विक्री व्यवस्थापक,
चारचाकी वाहन शोरूम, नांदेड

विषय: बुकिंग क्र. 1187 डिलिव्हरीपूर्वी रद्द केल्याने, बुकिंग फॉर्मवरील अट क्र. 7 प्रमाणे रु. 50,000 परत मिळणेबाबत

महोदय,

सप्रेम नमस्कार.

मी मानवत तालुक्यातला (जि. परभणी) शेतकरी. गणेश चतुर्थीला, म्हणजे 27 ऑगस्ट 2025 रोजी, आपल्या शोरूममध्ये माझ्या नावे एक पांढरी पेट्रोल हॅचबॅक बुक केली. त्या दिवशी यूपीआयने रु. 21,000 भरले. "गाडी पाडव्याला दारात पाहिजे असेल तर आणखी थोडे भरून ठेवा" असे आपल्या सेल्स एक्झिक्युटिव्हने सांगितल्यावरून 8 सप्टेंबरला बँकेतून आणखी रु. 30,000 ट्रान्सफर केले. एकूण रु. 51,000. दोन्ही पावत्या माझ्याकडे आहेत आणि दोन्हींवर "बुकिंग अ‍ॅडव्हान्स" हेच शब्द छापलेले आहेत. हे मुद्दाम लिहितो, कारण पुढे त्यातल्या एका रकमेचे नाव बदलले.

सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यात मराठवाड्यात काय झाले ते आपण नांदेडला बसून पाहिलेच आहे. माझे पाच एकर सोयाबीन काढणीला आले होते. ओढ्याचे पाणी शिरले ते चार दिवस उतरले नाही, आणि उतरले तेव्हा उभ्या झाडावर शेंगांना कोंब फुटलेले होते. शेजारच्या दोन एकरांत कापूस होता, त्याची बोंडे काळी पडली. या मालाच्या भरवशावर मी गाडीचे डाउन पेमेंट धरले होते. बँकेने कर्ज मंजूर केले होते खरे, पण हप्ता कशातून फेडणार? घरी बसून हिशेब केला आणि गाडी यंदा नको असे ठरवले.

29 सप्टेंबरला, सोमवारी, आपल्या ईमेलवर बुकिंग रद्द करत असल्याचे कळवले. नुसत्या ईमेलवर विसंबून न राहता दुसऱ्या दिवशी मानवत रोडवरून रेल्वेने नांदेडला आलो आणि सहीचा अर्ज हातोहात दिला. त्या अर्जाच्या माझ्या प्रतीवर आपला गोल शिक्का आणि "30/9" अशी निळ्या पेनने घातलेली तारीख आहे. अर्ज घेणाऱ्या ताईंनी फॉर्म मागून उलटून पाहिला आणि "एकवीस दिवसांत खात्यावर येतील, काळजी करू नका" असे सांगितले. त्यांनी सांगितले ते बरोबरच होते. फॉर्मच्या मागच्या बाजूला, फिक्या करड्या अक्षरांत, आपलीच अट आहे. भिंगाशिवाय वाचता येत नाही, म्हणून मोबाइलवर फोटो काढून मोठी करून वाचली. ती अशी:

"7. ग्राहकाच्या नावे वाहनाचा चेसिस क्रमांक निश्चित होऊन इन्व्हॉइस तयार होण्यापूर्वी ग्राहकाने लेखी कळवून बुकिंग रद्द केल्यास, रु. 1,000 प्रक्रिया शुल्क वजा करून उर्वरित आगाऊ रक्कम, लेखी सूचना मिळाल्यापासून 21 कामकाजाच्या दिवसांत, ज्या खात्यातून भरणा झाला त्याच खात्यात परत केली जाईल."

"8. इन्व्हॉइस तयार झाल्यानंतर अथवा वाहनाची नोंदणी प्रक्रिया सुरू झाल्यानंतर बुकिंग रद्द केल्यास प्रत्यक्ष झालेला खर्च वजा केला जाईल."

माझे प्रकरण अट 7 मध्ये बसते, अट 8 मध्ये नाही. मी बुकिंग रद्द केले तेव्हा माझ्या नावे चेसिस क्रमांक पडलेला नव्हता, इन्व्हॉइस निघालेले नव्हते. विमा काढलेला नव्हता, आरटीओची फाइल सुरू नव्हती. बँकेने कर्जाचा एक रुपयाही आपल्याकडे वळता केलेला नव्हता. जुन्या गाडीचे मूल्यांकन झाले होते, पण ती मी एक्सचेंजला दिलेली नाही, ती आजही माझ्याच दारात आहे. अ‍ॅक्सेसरीजची ऑर्डरही दिली नव्हती. थोडक्यात, माझ्यासाठी आपण काही विकत घेतले किंवा कुणाला पैसे भरले असे काहीच घडलेले नाही.

आणि गाडी आपल्याकडे अडकून राहिली असेही नाही. 22 सप्टेंबरपासून लहान गाड्यांवरचा जीएसटी 28 वरून 18 टक्क्यांवर आला, किमती उतरल्या आणि दसऱ्याला शोरूमबाहेर रांग लागली, हे आपल्याच सेल्स एक्झिक्युटिव्हने मला फोनवर सांगितले. "तुमच्या नंबरची गाडी दुसऱ्याला देऊन टाकली, चांगलं झालं" हेही तेच म्हणाले. किंमत उतरल्याने उलट गाडी घ्यायचा मोह वाढायला हवा होता. मी बुकिंग रद्द केले ते दुसरीकडे स्वस्त मिळते म्हणून नव्हे.

आता मुदतीचे. माझी सूचना 29 सप्टेंबरला ईमेलने पोचली. रविवार, दसरा आणि दिवाळीचे दोन दिवस सोडून मोजले तरी 21 कामकाजाचे दिवस 27 ऑक्टोबरला पुरे झाले. 28 तारखेला मी फोन केला तर "फाइल अकाउंट्सला आहे" असे उत्तर मिळाले. 4 नोव्हेंबरला पुन्हा नांदेडला आलो, दोन तास बसलो. कॅशियरसाहेबांनी सांगितले की रकमेत जीएसटी भरला आहे, तो परत यायला वेळ लागतो. हे मला पटले नाही. मालाच्या आगाऊ रकमेवर जीएसटी ती रक्कम मिळाल्याच्या वेळी नियमित करदात्याला भरावा लागत नाही, अशी तरतूद नोव्हेंबर 2017 पासून आहे. शिवाय माझ्या दोन्ही पावत्यांवर जीएसटीचा रकानाच रिकामा आहे. भरलाच नाही तो कर परत येण्याची वाट कुणी बघायची?

12 नोव्हेंबरला फोनवर "फाइल हेड ऑफिसला गेली" असे कळले. 18 नोव्हेंबरला आपल्याकडून व्हॉट्सअ‍ॅप मेसेज आला, तो असा की पहिले रु. 21,000 हे "टोकन" होते, ते "नॉन-रिफंडेबल" आहे, आणि उरलेल्या रु. 30,000 मधून रु. 4,000 "फाइल चार्ज" कापून रु. 26,000 मिळतील. म्हणजे 51,000 भरून 26,000 घ्यायचे.

हा मेसेज मी चार वेळा वाचला, मग फॉर्मची पुढची-मागची दोन्ही बाजू पुन्हा वाचली. "टोकन" हा शब्द फॉर्ममध्ये कुठेही नाही. "नॉन-रिफंडेबल" नाही. "फाइल चार्ज" नाही. कापायच्या रकमेचा एकच आकडा तिथे आहे, रु. 1,000, आणि तो मी मान्य करतो. तो कापून घ्या, त्याबद्दल माझे काही म्हणणे नाही. सही करताना तेवढे मी कबूल केले होते. आपणही त्याच फॉर्मवर शिक्का मारून बाकी रक्कम परत द्यायचे कबूल केले होते. फॉर्म आपण छापला, अटी आपण लिहिल्या, मी फक्त सही केली. मग त्यातली आपल्याला न परवडणारी अट नंतर व्हॉट्सअ‍ॅपवर बदलता येत नाही.

समजा, एक क्षण, की तशी अट असती. तरीही भारतीय करार कायदा, 1872 च्या कलम 74 प्रमाणे करारात दंडाचा आकडा लिहिलेला असला म्हणजे तो सगळा आपोआप मिळतो असे नाही, वाजवी भरपाईच मिळू शकते. इथे तर आकडाही लिहिलेला नाही आणि गाडी दसऱ्यालाच विकली गेलेली आहे.

म्हणून माझी विनंती अशी: रु. 51,000 मधून रु. 1,000 वजा करून रु. 50,000 हे पत्र मिळाल्यापासून 15 दिवसांत, ज्या दोन भरण्यांतून रक्कम आली त्याच माझ्या बँक खात्यात जमा करावेत. दोन्ही भरणे एकाच खात्यातून झाले असल्याने आपल्याला वेगळी माहिती लागणार नाही. तरी रद्द केलेला धनादेश सोबत जोडला आहे. हप्त्याहप्त्याने किंवा "पुढच्या गाडीत वळते करू" असे नको. पुढची गाडी कधी घेईन ते मलाच ठाऊक नाही. रु. 26,000 आपण परस्पर जमा केलेच, तर ते अंशतः भरणा म्हणून धरीन, "पूर्ण आणि अंतिम" असे लिहिलेल्या कागदावर सही करणार नाही, हे आत्ताच सांगून ठेवतो.

15 दिवसांत रक्कम न आल्यास राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन 1915 वर तक्रार नोंदवीन आणि त्यानंतर परभणीच्या जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोगाकडे जाईन. ग्राहक संरक्षण कायदा, 2019 च्या कलम 34 प्रमाणे तक्रारदार जिथे राहतो तिथे तक्रार करता येते, त्यामुळे मला नांदेडच्या खेपा कराव्या लागणार नाहीत. आपल्याला मात्र परभणीला यावे लागेल. दिलेला मोबदला पाच लाखांच्या आत असल्याने तक्रारीला शुल्कही लागत नाही. तिथे मी मुद्दल, 28 ऑक्टोबरपासूनचे व्याज आणि दोन खेपांचा खर्च मागेन. आज या पत्रात व्याज मागत नाही, ते मुदतीत पैसे आले तर सोडून द्यायला मी तयार आहे.

एवढ्याशा गोष्टीसाठी आयोगाची पायरी चढावी अशी माझी मुळीच इच्छा नाही. अर्ज घेणाऱ्या ताईंनी 30 सप्टेंबरला जे सांगितले ते अमलात आणले असते तर हे पत्र लिहावेच लागले नसते. आणि 50,000 ही रक्कम आपल्या उलाढालीत किती ते मला ठाऊक नाही, पण माझ्याकडे रब्बीची ज्वारी-हरभऱ्याची पेरणी उसनवारीवर झाली आहे आणि ते पैसे मला फेडायचे आहेत.

या पत्राची पोच द्यावी, आणि जे उत्तर द्याल ते लेखी द्यावे, फोनवर नको.

आपला,
माधव ज्ञानोबा कदम
ता. मानवत, जि. परभणी
(मोबाइल क्रमांक बुकिंग फॉर्मवर आहे तोच)

सोबत: बुकिंग फॉर्मच्या दोन्ही बाजूंची झेरॉक्स, 27 ऑगस्ट आणि 8 सप्टेंबरच्या पावत्या, 29 सप्टेंबरचा ईमेल, शिक्का असलेला 30 सप्टेंबरचा अर्ज, 18 नोव्हेंबरच्या व्हॉट्सअ‍ॅप मेसेजचा फोटो, रद्द केलेला धनादेश.

प्रत: वाहन उत्पादक कंपनीचा ग्राहक सेवा विभाग, स्पीड पोस्टाने.