७ नंबरच्या नव्या शेजाऱ्यांना

नमस्कार, बिल्डिंगमध्ये मनापासून स्वागत!

सामान लावायच्या गडबडीत बेल वाजवून त्रास नको, म्हणून ही चिठ्ठी. दाराला अडकवलेल्या पिशवीत दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी आहे. उद्या संध्याकाळपर्यंत छान राहतील, फ्रिज लागला नसला तरी चालेल.

पाण्याचं आधी सांगतो, कारण इथे सगळे अडतात ते तिथेच. ओट्यावर दोन नळ आहेत. डावीकडचा पितळी नळ थेट कॉर्पोरेशनचा. त्याला सकाळी साडेपाच ते आठ पाणी असतं, नंतर ठणठणीत कोरडा. उजवीकडचा गच्चीवरच्या टाकीचा, तो दिवसभर चालतो. पिण्याचं आणि स्वयंपाकाचं पाणी डाव्या नळावर भरून ठेवा. हा नळ कोरडा असताना उघडा राहिला की पहाटे आपसूक सुरू होतो. सिंकच्या जाळीत भाताची शितं अडकलेली असली तर पाणी ओटा ओलांडून ४ नंबरच्या छतात उतरतं. त्यामुळे झोपण्याआधी तो पिळून बंद आहे ना, एवढं हाताने बघायचं.

दुरुस्तीसाठी पालिका पाणी बंद ठेवते ते बहुधा गुरुवारी. शुक्रवारी येतं ते उशिरा, कमी दाबाने आणि गढूळ. पहिल्या दोन-तीन बादल्या फरशी-संडासाला वापरा आणि तोवर प्युरिफायरचा कॉक बंद ठेवा, नाहीतर गाळ बसून त्याचा फिल्टर चोंदतो. दाब कमी म्हणून नळाला मोटर मात्र लावू नका. लाइनमधून पाणी ओढलं की गळक्या सांध्यातून बाहेरची घाण आत खेचली जाते, आणि ती सगळ्यांच्याच घरात जाते. टाकी रिकामी झाली असेल त्या दिवशी गरम पाण्याचा नळ उघडून बघा. फुसफुस थांबून सलग धार आली की मगच गिझरचं बटण दाबा.

तुमच्याकडे गॅस पाइपलाइनचा आहे. आधीच्या घरी सिलिंडर असेल तर शेगडी तशीच जोडू नका. सिलिंडरच्या शेगडीचे जेट बारीक भोकाचे असतात. पाइपच्या गॅसवर ज्योत मरगळलेली येते आणि कुकरची शिट्टी होता होत नाही. गॅस कंपनीच्या माणसाकडूनच जेट बदलून घ्या. खिळ्याने भोक मोठं करून देणारेही भेटतील, त्यांना चहा पाजून परत पाठवा.

विजेचे मीटर जिन्याखाली आहेत, तुमचा वरच्या ओळीत डावीकडून पहिला. आजच रीडिंगचा फोटो काढून घरमालकांना पाठवा, म्हणजे पहिल्या बिलात आधीच्या दिवसांचे युनिट तुमच्या माथी येणार नाहीत. बिल भरायला आणि तक्रार करायला १२ आकडी ग्राहक क्रमांक लागतो, तो जुन्या बिलावरून उतरवून ठेवा. फक्त तुमचेच दिवे गेले तर घरातला एमसीबी बघा. जिन्यातलाही दिवा गेला असेल तर १९१२ ला फोन.

कचरा न्यायला ताई साडेआठच्या सुमाराला येतात. ओला आणि सुका वेगळा. डायपर, पॅड वर्तमानपत्रात गुंडाळून वर लाल पेनाची खूण करा. काच फुटली तर ती वेगळी, हातात देऊन सांगा. हा सगळा कचरा त्या हाताने निवडतात.

गल्लीत गाडी लावताना पाटी बघा. सम तारखेला एक बाजू, विषमला दुसरी. रात्री ३० तारखेला बरोबर लावलेली गाडी सकाळी ३१ ला चुकीच्या बाजूला असते का? असते, आणि ३१ नंतर १ तारीख आली की दोन दिवस विषमच. टोइंगवाल्यांना हे आपल्यापेक्षा चांगलं पाठ आहे.

मेट्रोचं आनंदनगर स्टेशन चालत सात-आठ मिनिटांवर. पुणे रेल्वे स्टेशनला गाडी थेट जाते. स्वारगेट किंवा पिंपरीला जायचं तर सिव्हिल कोर्टला उतरून बदला. दुपारी एक ते चार कोपऱ्यावरची बरीच दुकानं बंद असतात. विनोद म्हणून सांगतात, पण सुतळी हवी असेल तर साडेबाराच्या आत आणा.

पाऊस सुरू व्हायच्या आत मागच्या बाल्कनीची जाळी एकदा उचलून साफ करा. गुलमोहराची बारीक पानं जाळीच्या खाली, पाइपाच्या तोंडाशी थर धरून बसतात. वरून झाडलं तर काहीच निघत नाही.

दूध हवं असेल तर रात्री नऊच्या आत दाराला पिशवी लावा, आत किती ते चिठ्ठीवर लिहून. आणखी काही अडलं तर या, रात्री दहापर्यंत आम्ही जागे असतो. आमची बेल बिघडली आहे, कडी वाजवा.

समोरच्या ८ नंबरमधले काका-काकू