जोखीम नोंदवही : जुलै 2025 ते जून 2026
(संचालक मंडळाच्या सादरीकरणातील स्लाइड 14 ते 22 वरून)

प्रति : मा. अध्यक्ष व सर्व संचालक, केळी उत्पादक शेतकरी कंपनी, तालुका रावेर, जिल्हा जळगाव
तयार करणार : लेखा व अनुपालन विभाग
मांडणी : जुलैच्या बैठकीत चर्चा व मंजुरीसाठी

सादरीकरणात जोखमीच्या नऊ स्लाइड होत्या. त्यातून या नोंदवहीत सात जोखमी आल्या आहेत. स्लाइड 18 (बाजारपेठ) आणि 21 (खेळते भांडवल) यांचे मूळ एकच निघाले, म्हणून त्या एकत्र केल्या. स्लाइड 22 वर 'स्पर्धा वाढत आहे' एवढेच होते. काय घडेल, कधी घडेल आणि घडले तर किती पैसे जातील, यातले काहीच त्यात नसल्याने ती घेतलेली नाही. उलट स्लाइड 17 च्या तळाशी बारीक अक्षरात एक ओळ होती, ती स्वतंत्र जोखीम म्हणून वर आणली आहे (जो-3).

गुण कसे दिले

शक्यता 1 ते 5, पुढच्या बारा महिन्यांपुरती. परिणाम 1 ते 5, कंपनीच्या खिशातून जाणाऱ्या रकमेवर : 2 लाखांच्या आत 1, 8 लाखांपर्यंत 2, 25 लाखांपर्यंत 3, 60 लाखांपर्यंत 4, त्यापुढे किंवा बँकेचा हप्ता थकण्याची वेळ आल्यास 5. दोन्हींचा गुणाकार म्हणजे एकूण गुण.

स्लाइडवरचे रंग आणि इथले गुण जुळणार नाहीत. स्लाइडवर 'उपाय' म्हणून लिहिलेल्या गोष्टी गृहीत धरून रंग दिले होते. इथे आज प्रत्यक्षात चालू असलेला आणि कंपनीच्या हातात असलेला उपायच धरला आहे. 'लक्ष ठेवणे', 'पाठपुरावा करणे' हे उपाय धरलेले नाहीत. सभासदाचा विमा किंवा निर्यातदाराची पॉलिसी हेही नाही, कारण ते कवच आपले नाही. हिरव्या तीन स्लाइडपैकी दोन याच कारणाने वर सरकल्या.

| क्र. | जोखीम | स्लाइडवर | शक्यता | परिणाम | गुण | जबाबदारी |
|---|---|---|---|---|---|---|
| जो-1 | मृगबागेत हरण्या रोग | पिवळी | 4 | 4 | 16 | कृषी अधिकारी |
| जो-2 | एकाच निर्यातदाराकडे अडकलेले येणे | पिवळी (दोन स्लाइड) | 3 | 5 | 15 | मुख्य कार्यकारी अधिकारी |
| जो-3 | भाव चढला की सभासदांचा माल बाहेर | तळटीप | 5 | 3 | 15 | खरेदी व्यवस्थापक |
| जो-4 | मे-जूनचे वादळ, पॅकहाऊस रिकामे | हिरवी | 4 | 3 | 12 | मुख्य कार्यकारी अधिकारी |
| जो-5 | वीज जाऊन कोल्ड रूममधला माल खराब | हिरवी | 4 | 3 | 12 | पॅकहाऊस प्रमुख |
| जो-6 | विहिरी-बोअरचे पाणी खोल जाणे | लाल | 2 | 4 | 8 | कृषी अधिकारी |
| जो-7 | कायदेशीर पूर्तता राहून जाणे | हिरवी | 2 | 2 | 4 | लेखा विभाग |

जो-1. हरण्या रोग (कुकुंबर मोझॅक विषाणू)

स्लाइड 15 वर 'रोगराई' या एकाच शब्दात करपा आणि हरण्या दोन्ही आले होते. ते वेगळे करायला हवेत. करपा बुरशीचा आहे, फवारणीने आटोक्यात येतो आणि त्याचा खर्च सभासदाच्या नेहमीच्या हिशेबात बसतो. हरण्या विषाणूजन्य आहे. लागण झालेल्या झाडाला औषध नाही, ते मुळासकट उपटून नष्ट करावे लागते. मावा तो पसरवतो. ढगाळ, थंड हवा आणि रिमझिम लागून राहिली की नुकत्याच लावलेल्या टिश्यूच्या रोपांवर तो आधी दिसतो. जून-जुलैची लागवड नेमकी त्या वयात असेल तेव्हाच आपली बैठक होत आहे.

कंपनीचे नुकसान असे : सभासदांच्या मृगबागेचा पाचवा हिस्सा गेला तर पुढच्या हंगामात निर्यातीच्या प्रतीचा तेवढा माल कमी पडतो. लेखा विभागाच्या अंदाजाने हा फटका सुमारे 30 लाखांचा.

आज चालू असलेला उपाय : कृषी अधिकाऱ्यांच्या फेऱ्या. पण त्या सभासदाने फोन केल्यावर होतात, आणि पाने पिवळ्या पट्ट्यांची दिसून फोन येईपर्यंत शेजारची ओळ गेलेली असते.

ठरवायचे उपाय : (अ) रोपे केंद्र सरकारच्या टिश्यू कल्चर प्रमाणीकरण योजनेत मान्यता असलेल्या प्रयोगशाळेचीच. बिलासोबत विषाणू-तपासणीचा दाखला नसेल तर कंपनीच्या यादीतून उचल नाही. (आ) सप्टेंबरअखेर गावनिहाय आठवड्याला एक ठरलेली फेरी. (इ) बागेत व बांधावर काकडीवर्गीय वेल, टोमॅटो, मिरची नको, कारण विषाणू तिथेही राहतो. (ई) रोगट झाड दिसल्यापासून दोन दिवसांत उपटून खड्ड्यात पुरणे. यासाठी कंपनीने झाडामागे नव्या रोपाची निम्मी किंमत द्यावी. ही शेवटची गोष्ट खर्चाची आहे, पण तिच्याशिवाय बाकी तीन कागदावरच राहतील. चार महिन्यांची बाग स्वतःच्या हाताने उपटायला कोणी सहज तयार होत नाही.

जो-2. एकाच निर्यातदाराकडे येणे

गेल्या वर्षीच्या निर्यात मालापैकी 61 टक्के एकाच व्यापारी निर्यातदारामार्फत गेला. जूनअखेर त्याच्याकडून 68 लाख येणे आहे, त्यातले 23 लाख 45 दिवसांपलीकडचे. सभासदांना आपण दहा दिवसांत पैसे देतो. मधला खड्डा बँकेच्या खेळत्या भांडवलातून भरतो, म्हणून स्लाइड 21 वर ओव्हरड्राफ्ट मर्यादेजवळ गेलेला दिसतो. त्याला वेगळी जोखीम म्हटले तर मर्यादा वाढवून घेणे हा उपाय ठरतो, आणि त्याने येणे आणखी वाढते.

स्लाइड 18 वर उपाय म्हणून 'निर्यात पतविमा' लिहिले आहे. ती पॉलिसी निर्यातदाराची आहे. परदेशी खरेदीदाराने त्याला पैसे बुडवले तर तो दावा करू शकेल. आपण त्याला रावेरमध्ये माल विकतो, ही देशांतर्गत विक्री आहे. त्याने आपल्याला दिले नाहीत तर त्या पॉलिसीतून आपल्याला काही मिळत नाही. आखातात जहाजांची वाट अडली, नाव्हाशेव्याला रीफर कंटेनर थांबले, की पहिला फटका त्याला आणि दुसरा आपल्याला.

ठरवायचे उपाय : कंटेनर भरताना 30 टक्के रोख, उरलेले 30 दिवसांत. येणे 40 लाखांवर गेले की पुढचा कंटेनर थांबवणे, आणि हा थांबा अध्यक्षांच्या फोनवर उठणार नाही असे मंडळाने ठरावात लिहावे. डिसेंबरपर्यंत दुसरा निर्यातदार आणि दिल्लीकडे देशांतर्गत विक्रीची एक सोय. दर शनिवारी येण्याचा तक्ता सर्व संचालकांना.

जो-3. माल बाहेर जाणे

स्लाइड 17 ची तळटीप : 'काही प्रसंगी सभासदांनी अन्यत्र विक्री केली.' काही प्रसंगी म्हणजे बऱ्हाणपूरच्या लिलावात भाव क्विंटलमागे दोन-अडीचशेने चढला की दर वेळी. खरेदी रजिस्टर आणि त्या दिवसांचे भाव शेजारी ठेवले तर हे लगेच दिसते. व्यापारी बांधावर येतो, घड मोजतो, रोख देतो. आपली कापणी टोळी दुसऱ्या दिवशी जाते तेव्हा बागेत दांडेच उरलेले असतात. 20 टनांचा कंटेनर बुक झालेला असतो, 14 टन जमतात, उरलेला माल मिळेल त्या भावाने आणून भरावा लागतो आणि त्याची प्रत लागत नाही.

सभासदाला दोष देऊन उपयोग नाही. दहा दिवस थांबण्याचा मोबदला आपण त्याला काही देत नाही. करारनाम्यात दंडाचे कलम आहे, ते आजवर वापरलेले नाही, वापरावे असेही माझे मत नाही.

ठरवायचे उपाय : कापणीच्या दिवशी 70 टक्के रक्कम खात्यात, भाव आदल्या तीन दिवसांच्या बऱ्हाणपूर-रावेर सरासरीवर, निर्यात प्रतीला त्यावर ठरलेला प्रीमियम. यासाठी लागणारी रोकड जो-2 मधल्या वसुलीतूनच येणार आहे, म्हणून आधी तो निर्णय व्हावा.

जो-4. वादळ

निसवलेली, घड लटकलेली बाग वाऱ्यात आडवी होते, हे नव्याने सांगायला नको. स्लाइड 16 हिरवी होती, कारण सभासदांचा फळपीक विमा आहे. त्याची भरपाई महसूल मंडळातल्या हवामान केंद्राच्या नोंदीवर ठरते आणि शेतकऱ्याच्या खात्यात जाते. पॅकहाऊस दीड महिना रिकामे राहिले तर पगार, वीज आणि बँकेचा हप्ता मिळून सुमारे 11 लाख कंपनीलाच भरायचे आहेत.

ठरवायचे उपाय : तेवढ्या रकमेचा राखीव निधी, मुदत ठेवीत, एप्रिलपूर्वी. नदीकाठच्या गावांबाहेर, यावल आणि चोपड्याकडून कांदेबागेचा माल मिळवण्याची आधीच बोलणी.

जो-5. वीज

दोन्ही चेंबर भरले की 50 टन माल, क्विंटलला 1,800 धरले तर 9 लाखांचा. केळी 13 ते 14 अंशांवर राहायला हवी. खाली गेली तर साल काळवंडते, वर राहिली तर जहाजावर पिकते. जनरेटर आहे, म्हणून स्लाइड हिरवी. पण दोन्ही चेंबरचा भार टाकून तो मे महिन्यात एकदाही चालवलेला नाही, आणि डिझेलचा साठा दहा तासांचा. चेंबर 2 च्या नोंदवहीत तापमान सकाळी आठ व संध्याकाळी सहाला लिहिलेले आहे. रात्रीच्या रकान्यात रोज 13.5, एकाच शाईत, एकाच वळणाने.

ठरवायचे उपाय : स्वयंचलित नोंद करणारे तापमापक आणि मोबाइलवर इशारा, 31 ऑगस्टपर्यंत. महिन्यातून एकदा पूर्ण भारावर जनरेटर. डिझेल 24 तासांचे.

जो-6. पाणी

स्लाइडवर ही सर्वांत लाल होती, इथे गुण 8 आहेत. बारा महिन्यांच्या मोजपट्टीत हळू चालणारी गोष्ट लहान दिसते, म्हणून हा आकडा पाहून ती बाजूला ठेवू नये. यंदाच्या अंदाजपत्रकात मात्र तिला जो-1 ते जो-3 च्या आधी पैसे देण्याचे कारण नाही. यंदा एवढेच : प्रत्येक गावातल्या चार विहिरींची पातळी मे आणि ऑक्टोबरमध्ये मोजून ठेवणे.

जो-7. पूर्तता

तिमाहीला एक बैठक आणि अंतर्गत लेखापरीक्षण वेळेवर आहे. एओसी-4 आणि एमजीटी-7 हे वार्षिक फॉर्म भरण्याची मुदत चुकली तर प्रत्येक फॉर्ममागे दिवसाला 100 रुपये. तारखा लेखा विभागाच्या भिंतीवर लावल्या आहेत. मंडळाने काही करायचे नाही.

मंडळाकडून हवे असलेले निर्णय

येण्याची 40 लाखांची मर्यादा व कंटेनर थांबवण्याचा अधिकार. उपटलेल्या झाडांसाठी 4 लाखांची तरतूद. तापमापकांसाठी 1 लाख 60 हजार. राखीव निधीचा ठराव ऑक्टोबरच्या बैठकीत चालेल. पहिला निर्णय मात्र याच बैठकीत हवा, कारण पुढचा कंटेनर त्याच निर्यातदाराच्या नावाने 28 तारखेला बुक आहे.