चिनूच्या एफ-वन व्हिसा इंटरव्ह्यूची प्रॅक्टिस

चिनू, रविवारी कॉलवर हेच घ्यायचंय. मी ऑफिसर, तू काउंटरसमोर उभा. बीकेसीला अमेरिकन वकिलातीत काचेपलीकडून माईकवर बोलतात आणि मागे गर्दी असते, म्हणून मी पण मुद्दाम भरभर बोलणार. उत्तरं पाठ करू नकोस, मुद्दे डोक्यात ठेव, कारण तोच प्रश्न वेगळ्या शब्दांत आला की पाठांतरवाला अडकतोच.

ऑफिसर: गुड मॉर्निंग. सो, व्हॉट टेक्स यू टू ॲरिझोना?
चिनू: गुड मॉर्निंग. आय'म गोइंग फॉर अ मास्टर्स इन इंडस्ट्रियल इंजिनीअरिंग ॲट ॲरिझोना स्टेट, इन टेम्पी.

इथे 'विमान' म्हणू नकोस, 'कशासाठी चाललास' एवढंच विचारलंय.

ऑफिसर: व्हाय धिस स्कूल?
चिनू: आय वर्क इन प्रॉडक्शन प्लॅनिंग ॲट अ फाउंड्री इन कोल्हापूर. वी लूज अ लॉट ऑफ कास्टिंग्ज टू डिफेक्ट्स. आय वॉन्ट टू स्टडी क्वालिटी कंट्रोल अँड सिम्युलेशन, अँड धिस प्रोग्रॅम टीचेस बोथ.

स्कूल म्हणजे युनिव्हर्सिटीच, सांगलीची शाळा सांगत बसू नकोस. आणि रँकिंग नको रे, ते सगळेच सांगतात, कास्टिंगचं फक्त तूच सांगू शकतोस.

ऑफिसर: व्हेअर एल्स डिड यू गेट इन?
चिनू: वन अदर युनिव्हर्सिटी, इन टेक्सस. टू टर्न्ड मी डाउन.

'गेट इन' म्हणजे ॲडमिशन मिळणं, 'टर्न डाउन' म्हणजे नाकारणं. 'व्हेअर एल्स डिड यू अप्लाय' विचारलं तर चारही नावं सांगायची, लपवायचं काही नाही.

ऑफिसर: व्हेन डिड यू फिनिश कॉलेज, अँड व्हॉट हॅव यू बीन डूइंग सिन्स?
चिनू: आय ग्रॅज्युएटेड इन 2023. आय'व्ह बीन वर्किंग ॲट द फाउंड्री सिन्स देन.

'पास्ड आउट' तोंडातून काढून टाक, अमेरिकन माणसाला तू बेशुद्ध पडलास असं वाटतं. आणि 'सिन्स' म्हणजे तेव्हापासून आजपर्यंत, म्हणजे मधली रिकामी जागा राहता कामा नये.

ऑफिसर: हू'ज फूटिंग द बिल?
चिनू: मोस्टली ॲन एज्युकेशन लोन, अबाउट फिफ्टी थाउजंड डॉलर्स. माय फादर इज कव्हरिंग द रेस्ट फ्रॉम हिज सेव्हिंग्ज.

पायाचा काही संबंध नाही, पैसे कोण भरतंय एवढंच. 'हू'ज स्पॉन्सरिंग यू' किंवा 'हाउ आर यू फंडिंग धिस' आलं तरी उत्तर हेच. लाख म्हणू नकोस, डॉलरमध्ये बोल. युनिव्हर्सिटीने दिलेल्या आय-ट्वेंटी फॉर्मवर पहिल्या वर्षाचा खर्च 56,000 आहे, तो आकडा झोपेतून उठवलं तरी सांगता आला पाहिजे.

ऑफिसर: व्हॉट डझ युअर फादर डू?
चिनू: ही'ज अ कमिशन एजंट इन द टर्मरिक मार्केट इन सांगली. फार्मर्स ब्रिंग टर्मरिक, ही सेल्स इट ॲट ऑक्शन फॉर देम.

नुसतं 'बिझनेस' म्हणालास की पुढचे तीन प्रश्न येतात. काकांची अडत एका वाक्यात समजावलीस की विषय संपला.

ऑफिसर: सो यू'व्ह नेव्हर बीन टू द स्टेट्स?
चिनू: नो, आय हॅवन्ट.

ही जागा सगळ्यात महत्त्वाची आहे, दहा वेळा घोक. आपण मराठीत 'हो, नाही गेलो' म्हणतो, समोरच्याला दुजोरा द्यायला, म्हणून तोंडातून आपोआप 'येस' निघतं आणि इंग्रजीत त्याचा अर्थ 'गेलोय' असा होतो, मग ऑफिसर फॉर्मकडे बघतो, तिथे 'नो' लिहिलेलं असतं आणि तू उगाच खोटा ठरतोस. इंग्रजीत प्रश्न कसाही वाकडा असू दे, तू गेला नाहीस ना, मग 'नो'च. 'यू हॅवन्ट बीन रिफ्यूज्ड बिफोर, हॅव यू?' यालाही 'नो, आय हॅवन्ट'.

ऑफिसर: वुड यू माइंड स्पीकिंग अप?
चिनू: शुअर, सॉरी.

मोठ्याने बोल म्हणतोय. इथे 'येस' म्हणजे 'माझी हरकत आहे', आणि शब्द आठवला नाही तर नुसता आवाज वाढव, चालतं.

ऑफिसर: एनी फॅमिली ओव्हर देअर?
चिनू: येस, माय कझिन, इन न्यू जर्सी.

मी! बिनधास्त सांग. 'कझिन सिस्टर' नाही, नुसतं कझिन.

ऑफिसर: व्हॉट'स द प्लॅन वन्स यू'आर डन?
चिनू: आय वॉन्ट टू कम बॅक अँड रन क्वालिटी ॲट अ फाउंड्री. माय एम्प्लॉयर इज एक्स्पांडिंग, अँड माय पेरेंट्स आर इन सांगली.

टू-फोर्टीन-बी याच कलमाखाली बहुतेक मुलं रिजेक्ट होतात, कारण तिकडेच राहायचा इरादा नाही हे सिद्ध करायची जबाबदारी कायद्याने तुझ्यावर असते. ओपीटीचं, म्हणजे शिक्षणानंतर तिकडे काही काळ काम करायचं विचारलं तर घाबरू नकोस, ते कायदेशीर आहे, 'आय मे यूज इट फॉर एक्स्पीरियन्स' म्हण आणि लगेच कोल्हापूरवर ये.

एखादा प्रश्न कळलाच नाही तर 'व्हॉट?' नको, 'सॉरी, कुड यू से दॅट अगेन?' म्हण, त्याने मार्क कापत नाहीत. शेवटी 'यू'आर ऑल सेट' म्हणाला आणि पासपोर्ट ठेवून घेतला की झालं, 'थँक यू' म्हणून निघ, आणखी कागद दाखवत थांबू नकोस.