शेंदराखालची भगवती

(पंचवटीतलं घर, दिवेलागणीची वेळ. आजी वाती वळतेय, सहावीतला सोहम शेजारी बसलाय.)

सोहम : आजी, देवाला रूप असतं का गं?

आजी : आधी पंखा बंद कर, कापूस उडतोय. हं, आज हे कुठून निघालं?

सोहम : वर्गात दोघं भांडले. एक म्हणाला, देव निराकार आहे. दुसरा म्हणाला, मग काळाराम कोण? मला दोघांचंही पटलं.

आजी : त्र्यंबकला गाभाऱ्यात काय पाहिलंस?

सोहम : खळगा. आत अंगठ्याएवढी तीन लिंगं. धड दिसलीही नाहीत.

आजी : तरी हात जोडलेस?

सोहम : तू जोडलेस म्हणून.

आजी : खरं बोललास, बरं वाटलं. आता माझं ऐक. लग्न होऊन आले तेव्हापासून मी सप्तशृंगगडावर जातेय. आठ फूट उंच भगवती, अठरा हात, अंगभर शेंदूर. डोळे मिटले की तेच रूप समोर यायचं. २०२२ साली तो शेंदूर उतरवला, थरावर थर साचलेले. नवरात्रात दर्शनाला गेले, तर कातळात कोरलेली वेगळीच मूर्ती! नाक वेगळं, डोळे वेगळे.

सोहम : मग?

आजी : पाय लटपटले रे. माझी भगवती गेली कुठे? मागची बाई म्हणाली, "चला मावशी, पुढे व्हा." आणि तोंडातून आपसूक निघालं, "आई गं." इतकी वर्षं निघायचं, तस्संच.

सोहम : म्हणजे आधीचं रूप खोटं होतं?

आजी : खोटं कसं? त्याच रूपाची मी ओटी भरली, तुझ्या बाबांच्या आजारपणात त्याच्याचपुढे रडले. पण रूप पालटलं आणि आई तीच राहिली. म्हणून आता कुणी निराकार म्हटलं तर राग येत नाही. पूर्वी यायचा, तुझ्या आजोबांशी याच्यावरून भांडायची मी.

सोहम : निराकार चालतो, तर मूर्ती कशाला?

आजी : निराकाराला आंघोळ कशी घालू? थंडीत शाल कशी पांघरू? माया करायची तर हाताखाली काहीतरी लागतंच रे मला. आजोबांना नव्हतं लागत. ते नुसते डोळे मिटून बसायचे, तेही देवापाशीच.

सोहम : आणि आपला शाडूचा गणपती? बादलीत आधी सोंड विरघळली, मग कान. शेवटी नुसता गाळ. तेव्हा देव कुठे गेला?

आजी : ते पाणी कुठे ओतलंस?

सोहम : जास्वंदीच्या बुडाशी.

आजी : दुसऱ्या दिवशी तिथे चप्पल घालून गेलास?

सोहम : नाही. काढून ठेवली.

आजी : मी सांगितलं होतं?

सोहम : नाही... तसंच जावंसं वाटेना.

आजी : हं. ही वात घे, पीळ नीट बसलाय. जा, निरांजन आण.