फ्रंट ऑफिस, कोल्हापूर : दुपारपाळीकडून रात्रपाळीकडे कार्यभार, 9 नोव्हेंबर, रात्री 10.45

आज 42 पैकी 41 खोल्या भरलेल्या आहेत. अंबाबाईच्या किरणोत्सवाचा आज पहिला दिवस होता आणि उद्या व परवाही तो असल्याने पाहुण्यांच्या मागण्या नेहमीपेक्षा जास्त आल्या. त्यांपैकी पूर्ण झालेल्या मागण्या रजिस्टरात आहेतच. येथे फक्त अपुऱ्या राहिलेल्या लिहिल्या आहेत. कृपया वाचून झाल्यावर प्रत्येकीसमोर आपली सही करावी.

खोली क्र. 304. ही सर्वांत महत्त्वाची नोंद आहे. येथील आजींचे इन्सुलिनचे दोन पेन आपल्या पँट्रीच्या फ्रिजमध्ये, मधल्या कप्प्यात, स्टीलच्या डब्यात ठेवले असून डब्यावर खोलीचा क्रमांक लिहिलेली चिठ्ठी चिकटवली आहे. हे कुटुंब पहाटे 5 वाजता गाडीने सोलापूरकडे निघणार आहे, आणि पँट्री सकाळी 6 वाजता उघडते. म्हणून किचन सुपरवायझरांकडून पँट्रीची किल्ली मागून घेतली असून ती काउंटरच्या वरच्या ड्रॉवरमध्ये लाल दोरीला बांधून ठेवली आहे. पेन 4.45 वाजता काढावेत, त्याआधी नको. बर्फाची पिशवी फ्रीझरमध्ये तयार आहे, परंतु ती टॉवेलमध्ये गुंडाळूनच डब्याशेजारी ठेवावी, कारण इन्सुलिन गोठले तर ते वापरता येत नाही. डबा बेलबॉयकडे न देता आजींच्या मुलाच्या हातात द्यावा आणि त्यांची सही घ्यावी.

खोली क्र. 211. गिझर चालत नसल्याची तक्रार दुपारी 4.40 वाजता आली. इलेक्ट्रिशियनने 5.30 वाजता थर्मोस्टॅट बदलून रजिस्टरात ‘काम झाले’ असे लिहिले, पण त्या वेळी पाहुणे देवळात होते. रात्री 8.15 वाजता त्यांनी पाणी कोमटच येत असल्याचे कळवले, त्यामुळे मी ती नोंद खोडून पुन्हा उघडी केली आहे. (पाहुण्यांनी स्वतः सांगितल्याशिवाय ‘झाले’ लिहू नये, हे मेंटेनन्सला मी आज तिसऱ्यांदा सांगितले.) मुले झोपल्यामुळे त्यांनी खोली बदलण्यास नकार दिला आहे, मात्र पहाटेच्या दर्शनाला जायचे असल्याने 4.30 वाजता अंघोळीला गरम पाणी हवे आहे. त्यासाठी 216 ही एकमेव रिकामी खोली अडवून ठेवली असून तिचे की-कार्ड 211 च्या कप्प्यात आहे. ती कोणत्याही आयत्या वेळच्या पाहुण्याला देऊ नये. 4 वाजता 216 चा गिझर सुरू करून 4.15 वाजता 211 ला वेक-अप कॉल द्यावा. इलेक्ट्रिशियन सकाळी 8 वाजता येणार आहे, तेव्हा ही नोंद सकाळपाळीकडे उघडीच जाईल.

खोली क्र. 305. ढगांमुळे आज किरणे देवीपर्यंत पोहोचली नाहीत, म्हणून या वृद्ध दांपत्याला 11 तारखेपर्यंत मुक्काम वाढवून हवा आहे. ही खोली 10 तारखेला दुसऱ्या पाहुण्यांच्या नावे आरक्षित आहे, आणि त्यांचे आगमन निश्चित आहे की नाही हे फोनवर कळले नाही. मी दांपत्याला ‘होईल’ असे म्हटलेले नाही, ‘सकाळी 9 पर्यंत नक्की सांगतो’ एवढेच म्हटले आहे. त्यामुळे त्यांनी रात्री विचारले तर हेच उत्तर द्यावे. उद्या दुपारी 4 वाजता त्यांना चाकांची खुर्ची आणि रिक्षा हवी आहे. खुर्ची सामानाच्या खोलीत आहे, तिच्या उजव्या चाकात हवा कमी आहे. रिक्षा अजून सांगितलेली नाही. ती सकाळपाळीने सांगावी.

खोली क्र. 118. पाहुण्यांना बिल कंपनीच्या नावे हवे आहे. त्यांनी जीएसटी क्रमांक रात्री 11.30 पर्यंत पाठवतो असे सांगितले आहे. तो आल्यावर नाइट ऑडिटपूर्वी नोंदवावा. न आल्यास बिल अंतिम न करता नोंद सकाळपाळीकडे द्यावी, कारण एकदा बिल निघाले की दुरुस्तीसाठी क्रेडिट नोट काढावी लागते.

खोली क्र. 208. उद्या रात्रीच्या महालक्ष्मी एक्स्प्रेसने जाणार आहेत, तोवर सामान ठेवायचे आहे. ड्यूटी मॅनेजरांची परवानगी मिळाली आहे, चिठ्ठी फाइलला लावली आहे.

काल रात्री एका पाहुण्यांनी बाळासाठी पाळणा मागितला होता आणि ती मागणी काउंटरवरच्या सुट्या कागदावर लिहिली गेली. कागद वर्तमानपत्राखाली गेला आणि पाळणा सकाळी सापडला, तोही पाहुणे चेक-आऊट करत असताना. यापुढे तोंडी मागणीदेखील वेळ, खोली, दिलेला शब्द आणि आता ती कोणाच्या हाती आहे, या चार गोष्टींसह थेट याच वहीत लिहावी.

कॅश मोजून 5,000 रुपये ड्रॉवरमध्ये आहेत. 304 व 211 या दोन्ही नोंदी मी तोंडी समजावून सांगितल्याशिवाय काउंटर सोडणार नाही.

फ्रंट ऑफिस एक्झिक्युटिव्ह, दुपारपाळी