एका धावेने का होईना, चषक आपल्या गावात! 🏆

मंडळी, काल रात्री ज्यांची रेंज गेली किंवा जे नऊलाच झोपले, त्यांच्यासाठी सांगतो. तालुक्यातली 'एक गाव एक संघ' स्पर्धा आपल्या पोरांनी मारली! संघातल्या सगळ्यांचं, पाणी आणि बॅटा वाहणाऱ्या बारक्यांचंसुद्धा, मनापासून अभिनंदन.

सहा षटकांत आपल्या ५४. खरं सांगायचं तर मला त्या कमीच वाटल्या होत्या. मंग्याचे तीन षटकार सोडले तर बाकीच्यांनी एक-दोन करत ओढल्या. सामनावीर मंग्याला मिळाला, मिळायलाच हवा होता. पण सामना जिंकला तो क्षेत्ररक्षणावर, हे लिहून ठेवा.

शेवटच्या षटकात त्यांना नऊ हव्या होत्या. दव एवढं पडलेलं की टेनिस बॉल भिजून जड झालेला, हातातून सुटत होता. अशात बाबूने पाच चेंडूंत सहाच दिल्या. शेवटच्या चेंडूवर तीन हव्या. फटका लाँगऑनला गेला आणि मी डोळेच मिटले. एक धाव झाली, दुसरीला निघाले; ती झाली असती तर बरोबरी होऊन सुपर ओव्हर. दिन्याने सीमारेषेवरून धावत येऊन चेंडू उचलला आणि थेट कीपरच्या हातात! रनआऊट, आणि आपण एका धावेने जिंकलो. याच दिन्याने उपांत्य सामन्यात सोपा कॅच सोडला म्हणून ग्रुपवर काय काय लिहिलं गेलं होतं. ज्यांनी लिहिलं त्यांनी आज त्याला स्वतःहून फोन करावा.

विरार, नालासोपारा, दिव्याहून आलेल्या चाकरमानी पोरांचं वेगळं कौतुक. शुक्रवारी ड्युटी करून रात्रीची गाडी पकडायची, पहाटे चिपळूणला उतरायचं आणि दुपारी मैदानात उभं राहायचं, हे येरागबाळ्याचं काम नाही. आयोजकांचंही कौतुक. अंपायरिंगवरून एकदाही मैदानात माणसं घुसली नाहीत, हे आपल्याकडे थोडं आहे का?

बक्षिसाचे २५,००० रुपये मटणात उडवू नयेत, असं माझं मत. मळ्यातलं पीच दरवर्षी उखडतं, त्याला एक रोलर घ्या. उरले तर मग कोंबडी-वडे, माझी ना नाही.

मुंबईची पोरं आज रात्रीच्या एसटीने परत निघणार, म्हणून सत्कार आजच दुपारी चार वाजता सहाणेवर. शाल-नारळ मी आणतोय. पेढे कोण आणणार ते इथेच लिहा, नाहीतर मागच्या वेळसारखे चौघे आणतील. आणि दिन्या, चषक देवळातल्या कपाटात राहणार आहे. तुझ्या बॅगेतून काढून ठेव बाबा.